मदत हवी आहे: विनंतीच्या पत्राच्या शेवटी ‘आगाऊ धन्यवाद’ लिहावे का?

आनंदिता
नमस्कार. माझ्या आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचे ४० पानी हस्तलिखित मी टंकलिखित केले आहे. त्यावर अभिप्राय मिळावा म्हणून एका निवृत्त प्राध्यापकांना, माझी त्यांच्याशी ओळख नसताना, पत्र पाठवले. पत्राचा शेवट असा होता: ‘आपण हस्तलिखित वाचून १५ दिवसांत अभिप्राय कळवाल, याबद्दल आगाऊ धन्यवाद.’ त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘मी अजून होकार दिलेला नाही.’ मला ते फार लागले, कारण मी ते वाक्य केवळ सौजन्य म्हणून लिहिले होते. आता दुसऱ्या एका अभ्यासक बाईंना लिहायचे आहे. शेवट कसा करावा?

नदीकाठ
दोष ‘आगाऊ’ या शब्दाचा आहे. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना येथे तो निरुपद्रवी असतो, परंतु आपण आगाऊ मुलगा असेही म्हणतो आणि तो अर्थ वाचणाऱ्याच्या मनात डोकावतोच. त्याऐवजी ‘मनःपूर्वक धन्यवाद’ लिहा, म्हणजे प्रश्न सुटेल.

जुना लेखनिक
‘आगाऊ’बद्दलचे निरीक्षण बरोबर आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ‘अभिप्राय कळवल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद’ असे लिहिले तरी न झालेले काम झालेलेच धरले जाते. ‘कळवल्याबद्दल’ आणि ‘कळवल्यास’ ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात काम पार पडलेले आहे. दुसऱ्यात ते व्हायचे आहे, आणि होईल की नाही हे समोरच्याच्या हाती आहे. म्हणून ‘अभिप्राय कळवल्यास आभारी राहीन’ या वाक्यात आभार आहेत, तरी होकार गृहीत धरलेला नाही. आपल्या वाक्यात याशिवाय ‘कळवाल’ हे निश्चयाचे रूप होते आणि १५ दिवसांची मुदतही होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे विनंतीला कामवाटपाचे स्वरूप आले.

सई_लिहिते
माझा अनुभव वेगळा आहे. कार्यालयात मी दर महिन्याला सहकाऱ्यांकडून हजेरीचे तक्ते मागवते आणि शेवटी ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ लिहिते. आजवर कोणालाही वाईट वाटलेले नाही. मग मीही चुकते आहे का?

जुना लेखनिक
नाही. तक्ता देणे हे त्यांचे नेमून दिलेले कामच आहे, तेव्हा नकाराचा प्रश्न येत नाही. ‘येथे वाहने लावू नयेत, सहकार्याबद्दल धन्यवाद’ या पाटीवर जसे धन्यवाद सूचनेची धार कमी करतात, तसेच ते आपल्या संदेशात करतात. अनोळखी व्यक्तीकडे तिचा फावला वेळ मागताना मात्र तेच वाक्य सूचनेसारखे वाचले जाते.

प्रभात
शुद्धलेखनाच्या दृष्टीने ‘धन्यवाद देणे’ आणि ‘आभार मानणे’ असेच लिहावे. ‘धन्यवाद मानणे’ हे चूक आहे.

आनंदिता
आभारी आहे, पण माझा प्रश्न शब्दरूपापेक्षा वाक्याच्या सुराबद्दल आहे. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ लिहिले तर चालेल का? की तेही आगाऊच ठरेल?

जुना लेखनिक
ते चालेल, कारण पत्र वाचण्याची तसदी आपण खरोखरच दिलेली असते. ‘ऋणी राहीन’ मात्र टाळावे. एवढ्या कामासाठी ते जड होते आणि नकार देणाऱ्यावर उगाच ओझे पडते.

नदीकाठ
‘-ल्यास’चे म्हणणे मला पटले. आणखी एक सुचवतो: ‘जमले नाही तरी हरकत नाही’ हे वाक्य घाला.

सई_लिहिते
मला ते घालू नये असे वाटते. मला कोणी असे लिहिले की त्यांना कामाची फारशी निकड नाही असे समजून मी ते मागे ठेवते आणि शेवटी विसरून जाते.

आनंदिता
मी नवा शेवट असा केला आहे: ‘सोबत नमुन्यादाखल पहिली ५ पाने जोडली आहेत. ती पाहून पूर्ण हस्तलिखित वाचणे आपल्याला शक्य आहे का, एवढे सवडीने कळवल्यास आभारी राहीन. तसदीबद्दल क्षमस्व.’ मुदत काढली आहे.

जुना लेखनिक
हे चांगले झाले. आता मागितले आहे ते केवळ उत्तर, आणि आभारही त्या उत्तराचेच आहेत, मग ते नकाराचे का असेना. ‘सवडीने’बद्दल मात्र माझे मन साशंक आहे. आपल्याला खरोखर एखादी तारीख गाठायची असेल, तर कारणासह ती सांगणेच बरे.

आनंदिता
तारीख आहे. आजोबांचा ९० वा वाढदिवस दोन महिन्यांवर आला आहे. ते लिहिले तर बाईंना नकार देणे अवघड जाईल, या विचाराने मी अडले आहे.

सई_लिहिते
मी तरी लिहीन. नंतर कळले तर त्यांना अधिक वाईट वाटेल.