‘बफरिंग’ म्हणतात त्याला : टीचरना मेल कसा लिहू?

मेघना (ए-४०२): रात्री उशिरा मेसेज करतेय, सॉरी. आमचा धाकटा बोलताना अडखळतो, तुम्हाला माहीतच आहे. आज पुन्हा वर्गात त्याला त्यावरून चिडवलं. क्लास टीचरना मेल लिहिलाय, पाठवण्याआधी कुणीतरी वाचा प्लीज. आत्ता हात थरथरतायत.

"आपल्या वर्गात माझ्या मुलाचा सतत मानसिक छळ होत असून आपले त्याकडे पूर्ण दुर्लक्ष आहे. काही बेशिस्त मुले त्याच्या बोलण्याची टर उडवतात. संबंधितांवर तात्काळ कठोर कारवाई न झाल्यास मला वरपर्यंत जावे लागेल."

शिंदे काका (ए-२०३): मेल वगैरे सोडा. सरळ मुख्याध्यापकांना भेटा.

रोहन (बी-५०४): शेवटचं वाक्य भारी आहे 🔥 पार्किंगच्या नोटिशीला पण हेच वापरा.

सेक्रेटरी: रोहन, पार्किंगचा विषय इथे नको. आणि तुमची बाईक अजून व्हिजिटरच्या जागेवरच आहे.

कुलकर्णी सर (बी-१०१): मेघना, आधी 'प्रति'च्या रकान्यातला टीचरचा पत्ता काढून टाक. मजकूर पक्का झाल्यावरच घाल. चुकून बोट लागून गेलेले मेल मी शाळेत असताना पुष्कळ वाचलेत. आता सांग, 'सतत' म्हणजे किती वेळा?

मेघना (ए-४०२): सर, रोजचंच आहे हो.

कुलकर्णी सर: रोज की तारखा आहेत?

मेघना (ए-४०२): थांबा, त्यालाच विचारलं. सोमवारी ५ तारखेला मराठीच्या तासाला. बुधवारी ७ ला डब्याच्या सुट्टीत. आणि आज १४ ला. 'बफरिंग, बफरिंग' म्हणून बोट गोल गोल फिरवतात. आज तो वाचता वाचता मध्येच खाली बसला.

रोहन (बी-५०४): बोट फिरवणं वाईट आहे यार. मघाचा जोक मागे घेतो.

कुलकर्णी सर: हे बघ, 'मानसिक छळ' वाचलं की शिक्षक बचावाला लागतो. 'तीनदा, या तारखांना, प्रकट वाचनाच्या वेळी' असं वाचलं की तो वेळापत्रक काढून बघतो. तुझ्या तीनपैकी दोन प्रसंग वाचनाच्या तासाचे आहेत. म्हणजे तास बदलता येत नसला तरी वाचून घ्यायची पद्धत बदलता येईल. तुझ्या मेलमध्ये हे कुठेच दिसत नाही.

शिंदे काका: मी पुन्हा सांगतो, मुख्याध्यापकांना भेटा. मेलला कोण विचारतं?

कुलकर्णी सर: काका, पहिल्याच दिवशी वर गेलं की टीचरला वाटतं आपली चहाडी झाली. मारामारी, दुखापत, धमकी असती तर मीही हेच म्हणालो असतो, आणि मेलची वाटही पाहिली नसती. इथे टीचरला अजून काही माहीतच नाही.

संदीप (सी-३०१): नाव घेतलं नसलं तरी कोणाबद्दल चाललंय ते सगळ्या सोसायटीला कळतंय. माझा मुलगाही त्याच वर्गात आहे. 'बेशिस्त' हा शब्द जरा जपून.

मेघना (ए-४०२): मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

संदीप (सी-३०१): घ्यायची गरजच नाही. मागे सायकलच्या वेळी पण असंच झालं होतं.

वैशाली (ए-१०४): झालं, सायकल आली. त्या सायकलचं चाक गंजून पडलं, तुमचा वाद अजून ताजा.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. विनंती आहे 🙏

कुलकर्णी सर: संदीपरावांचं एक बरोबर आहे. 'बेशिस्त' काढ. ते काय बोलले आणि त्यांनी काय केलं, एवढंच लिही. मुलांची नावं मेलमध्ये नको, ग्रुपवर तर नकोच, भेटीत सांग. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकू नकोस, सकाळपर्यंत दोन तट पडतील.

वैशाली (ए-१०४): मेघना, माझी लेकही अडखळायची. एक सांगते, 'त्याला वाचायला उभं करू नका' असं लिहू नकोस. मी लिहिलं होतं. मग तिला कुणीच काही विचारेना, आणि ती जास्तच गप्प झाली. 'सावकाश बोल, श्वास घे' हेही नको, त्याने उलट दडपण येतं. कुणीतरी सोबत वाचलं की बहुतेक मुलं कमी अडखळतात. तुझा?

मेघना (ए-४०२): हो! ताईबरोबर वाचतो तेव्हा अडखळतच नाही. हे लिहायचं सुचलंच नाही. काय करू नका एवढंच डोक्यात होतं.

कुलकर्णी सर: मग मागणी मिळाली. आणि त्याला स्वतःला काय हवंय ते विचारलंस का?

मेघना (ए-४०२): आत्ता विचारलं. म्हणतो, "वर्गासमोर माझ्याबद्दल बोलू नका." त्यांना सगळ्यांपुढे माफी मागायला लावलेली पण नकोय त्याला.

शिंदे काका: मुख्याध्यापक असते तर एका मिनिटात माफी मागायला लावली असती.

वैशाली (ए-१०४): काका, तेच तर नकोय त्याला 😐

(चाळीस मिनिटांनी)

मेघना (ए-४०२): सर, आता बघा.

"विषय : ५ वी ब, हजेरी क्र. १७ – भेटीची विनंती

मॅडम, नमस्कार.
माझा मुलगा बोलताना अडखळतो. त्याने घरी सांगितल्यानुसार काही मुलांनी त्याला तीनदा 'बफरिंग' म्हणून चिडवले : ५ तारखेला मराठीच्या प्रकट वाचनानंतर, ७ ला डब्याच्या सुट्टीत आणि आज, १४ ला, प्रकट वाचन चालू असताना. आज तो वाचन अर्धवट सोडून खाली बसला. मी हे स्वतः पाहिलेले नाही. आपल्या पाहण्यात काही आले असल्यास कृपया सांगावे.

दोन विनंत्या आहेत. त्याला वाचनातून वगळू नये, पण काही दिवस जोडीने वाचायला द्यावे. कुणाबरोबर वाचताना तो सहसा अडखळत नाही. मुलांशी बोलायचे झाल्यास वर्गासमोर न बोलता वेगळे बोलावे, ही त्याचीही इच्छा आहे.

या आठवड्यात १५ मिनिटे भेटता येईल का? आपल्या सोयीची वेळ कळवावी."

कुलकर्णी सर: 'मी स्वतः पाहिलेले नाही' हे वाक्य ठेवलंस, छान. त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. आता झोप. सकाळी एकदा वाचून पाठव. दोन-तीन शाळेच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर याच मेलला उत्तर म्हणून आठवण दे, नवा मेल नको. त्यानंतर मात्र काकांचं ऐक.

शिंदे काका: बघा. शेवटी तिथेच आलात.

संदीप (सी-३०१): मेघनाताई, घरी विचारलं. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला 'सगळेच म्हणतात'. बोट फिरवून पण दाखवलं. मी बोलतो त्याच्याशी. मेल पाठवा तुम्ही.

मेघना (ए-४०२): 🙏 त्याला ओरडू नका फार.

संदीप (सी-३०१): ते बघतो मी.

मेघना (ए-४०२): सकाळी ८.०५ ला पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, उद्या शाळा सुटल्यावर भेटायला बोलावलंय. कालच्या वाचनाच्या वेळी त्या फळ्यावर लिहीत होत्या, पाठ वर्गाकडे होती, असं त्यांनीच लिहिलंय. माझ्या पहिल्या मेलला हे उत्तर नसतं आलं.

सेक्रेटरी: छान झालं. रोहन, बाईक.