मदत हवी आहे: भातशेतातला नायट्रोजन-कार्बन फ्लो चार्ट, जिवाणूंचे बाण चुकतायत

खानापूरकर_२१: बी.एस्सी.ला आहे, बेळगावात. दोन्ही चक्रं फ्लो चार्ट करून जिवाणूंसकट दाखवायची आहेत. मी आमचंच भाताचं शेत घेतलं. 'हवा → ऱ्हायझोबियम → भात' या बाणाला मॅडमनी लाल गोल केलाय, कारण लिहिलं नाही. परवा द्यायचंय. कुठं चुकलं?

माळरान: ऱ्हायझोबियम भाताच्या मुळावर गाठी करत नाही. तिथं निळं-हिरवं शेवाळ लिही. पुढं नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट भात घेतो. झालं.

चिकोडीचा_शेतकरी: आमच्या सोयाबीनला गाठी भरपूर आहेत, पण फोडल्या तर आत हिरवट. ऱ्हायझोबियमची पाकिटं परत टाकावी काय?

मातीवाली_मावशी: माळरान, शेवाळाचं बरोबर आहे, पण शेवटचा बाण कोरड्या शेताचा. पाणी साठलेल्या शेतात भात मुख्यतः अमोनियमच घेतो.

बाळ, चार्टमध्ये चिखलाला एक आडवी रेघ मार. रेघेच्या वर काही मिलिमीटरचाच थर, तिथं प्राणवायू असतो. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर तिथं ठेव, त्यांना प्राणवायू लागतो. तयार झालेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. खाली प्राणवायू नाही, म्हणून तिथले जिवाणू श्वासाला नायट्रेटच वापरतात, आणि नायट्रोजन वायू होऊन परत हवेत जातो. त्यांचं खाणं काय? गेल्या सालच्या धसकटातला कार्बन. म्हणजे कार्बन चक्राचा बाण इथंच येऊन मिळतो. दोन चार्ट वेगळ्या कागदांवर काढलेस तर हा सांधा दिसणारच नाही.

शेत सुकून भेगा पडल्या आणि परत पाणी भरलं, की युरियातला नायट्रोजन जास्त उडतो. सुकताना नायट्रेट बनतं, भरल्यावर ते जातं.

चिकोडीवाले दादा, चालू गाठ आतून गुलाबी असते. हिरवट म्हणजे बहुधा थकलेली. फुलोरा कधी झाला? युरिया किती दिला? युरिया भरपूर मिळाला की झाड गाठीला साखर कमी पुरवतं. उभ्या पिकात पाकिटं टाकून फारसं साधत नाही, ते बियाण्याला चोळायचं असतं.

खानापूरकर_२१: मावशी, रेघ मारली आणि सगळं जागेवर बसलं! आता धसकटातून दोन बाण काढलेत: वर कार्बन डायऑक्साइड, खाली मिथेन. मिथेन करणारे जिवाणूच ना?

मातीवाली_मावशी: नाही, ते आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण गट वेगळा. मात्र वरच्या थरात मिथेन खाणारे आहेत ते खरे जिवाणू, त्यांचा बाण विसरू नको.

माळरान: आमच्या पुस्तकात मिथेनवाले जिवाणूंतच दिलेत. मार्क पुस्तकावर मिळतात.

खानापूरकर_२१: मग चौकट वेगळी काढून 'आर्किया' लिहिते, उद्या मॅडमना विचारते.

चिकोडीचा_शेतकरी: फुलं गळून शेंगा भरल्यात. युरिया दोनदा दिलाय. सकाळी चार झाडं उपटून बघतो, मग सांगतो.