प्रतिसाद: आकडा वाईट, तरी बाजार वर?

> महागाई पावणेआठ टक्के, आणि बाजार उसळतो? हे काय गणित आहे?

बाजार आकड्याला नाही, अंदाज चुकला की हलतो. 10 नोव्हेंबर 2022 ला अमेरिकेची ऑक्टोबरची महागाई 7.7 टक्के आली. अंदाज साधारण 7.9 चा होता. फरक जेमतेम 0.2 चा, पण अमेरिकेचा शेअर निर्देशांक एस अँड पी 500 त्या दिवशी साडेपाच टक्के चढला! कारण महागाई उतरणीला लागली तर अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड व्याजदर सावकाश वाढवेल, हा हिशेब लोकांनी लगेच मांडला. मी तरी मथळ्यातल्या वार्षिक दराआधी अन्न-इंधन वगळलेला महिन्याचा दर बघतो. तो 0.5 अपेक्षित होता, आला 0.3. खरी उडी त्यावर होती, असं माझं मत. मागच्या आकड्यात दुरुस्ती झाली आहे का, तेही बघा. विशेषतः जीडीपीच्या वेळी.