‘कड चौरस करणे’ म्हणजे नक्की काय करणे?

प्रज्ञा (डिचोली):
यंदा आमच्या शिवणवर्गात पट्ट्या जोडून करायची रजई घेतली आहे. हाताने घातलेली गोधडी सगळ्याजणींना येते, पण फिरत्या पात्याच्या रोटरी कटरने पट्ट्या कापणं नवीन. म्हणून दोन पानांचं टिपण मराठीत लिहून वाटलं. इंग्रजी पुस्तकांत पहिली पायरी कापडाची कड ‘स्क्वेअर’ करण्याची असते. मी लिहिलं, ‘प्रथम कापडाची कड चौरस करून घ्यावी.’ काल एका काकींनी मीटरभर नवं छापील सुती कापड चारी बाजू सारख्या करून, अगदी मापून, चौरस कापून आणलं. 44 इंच पन्ह्यातली पाच इंच रुंद चिंधी बाजूला ठेवलेली. त्यांनी मी लिहिलं तेच केलं होतं, चूक माझ्या शब्दाची. आता काय लिहू?

दुसरा शब्दही अडलाय. दोरा न तोडता जोड्या एकामागून एक सलग शिवण्याच्या ‘चेन पीसिंग’ला मी ‘साखळी शिवण’ लिहिलं, तर दोघीजणी विचारायला आल्या की साखळी टाका कुठल्या रंगाच्या दोऱ्याने घालायचा.

मुकुंद (फोंडा):
‘गुण्यात घेणे’ लिहा. माझे वडील सुतार. दाराची चौकट उभी केली की त्यांचा पहिला प्रश्न, ‘गुण्यात आसा मरे?’ लोखंडी गुण्या कोपऱ्यात लावायचा आणि दोन्ही अंगांना फट दिसते का ते बघायचं. गवंडीही हाच शब्द वापरतात. कापडाच्या कडेचं काम वेगळं कुठे आहे? आणि माझी खात्री आहे की ‘गुण्यागोविंदाने राहणे’ यातला गुण्या हाच. सांधे गुण्यात असलेलं घर, तसं माणसांचं.

अनघा (पुणे):
मुकुंदराव, चौकटीपुरतं मान्य, गुण्यागोविंदाचं नाही. अवजाराचा गुण्या फारसी ‘गूनिया’वरून आला आहे आणि फारसीत तो ग्रीकमधून, कोन या अर्थाने. ट्रिगोनोमेट्रीतला ‘गोन’ तोच. त्याचा गोविंदाशी संबंध जोडायला आधार लागेल. शिवाय शिकवण्याच्या टिपणात मराठीला सहज कळणारा ‘काटकोन’ असताना सुताराच्या पेटीत हात कशाला घालायचा? ‘कड काटकोनात कापावी’ असं लिहा.

रोहिदास (पेडणे):
मी तीस वर्षं शिलाईचं काम करतो. एवढा शब्दांचा घोळ लागतच नाही. काठाला कात्रीने छोटा काप द्यायचा आणि कापड फाडायचं. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, ती कड कधी चुकत नाही. याला आम्ही ‘धाग्यावर घेणं’ म्हणतो. तेच लिहा. कटरचीही गरज नाही.

सुलभाताई (मडगाव):
रोहिदास मास्तर, फाडल्याने आडवा धागा सापडतो हे खरं. सदऱ्याला किंवा चादरीला तेवढं पुरतं. पण फाडलेली कड ताणली जाते, लहरते, तिचे धागे सुटतात, आणि तिच्यावर पट्टी ठेवून पाव इंचाच्या शिवणीचं माप घेता येत नाही. छापील कापडात तर नक्षी धाग्याशी जुळलेली असेलच असं नाही.

प्रज्ञा, तुझा घोटाळा शब्दाच्या आधीचा आहे. काटकोन कशाचा कशाशी, ते तुझ्या वाक्यात कुठेच नाही. मुकुंदचा गुण्या आणि अनघाचा काटकोन, दोन्हीत तीच जागा मोकळी राहते. काटकोन हवा तो घडीशी.

मी वर्गात असं करून घेते. कापड धुऊन, इस्त्री करून, काठाला काठ लावून दुमडायचं आणि दोन्ही काठ हातांत धरून समोर लोंबू द्यायचं. घडीवर तिरक्या सुरकुत्या किंवा पीळ दिसला तर एक काठ डावी-उजवीकडे थोडा सरकवायचा. एका जागी घडी निवांत, सपाट लोंबते. त्या वेळी कापडाची दोन टोकं एकमेकांवर येत नाहीत, इंच-दीड इंच मागेपुढे होतात. इथेच बायका बिचकतात आणि टोकं जुळवायला जातात. टोकं जुळवायची नाहीत. ती वाकडी टोकंच कापून टाकायची आहेत.

मग घडी आपल्याकडे करून कापड मॅटवर ठेवायचं. 24 इंची पारदर्शक पट्टीवरची आडवी रेघ घडीवर तंतोतंत बसवायची आणि पट्टीच्या लांब कडेने पातं फिरवायचं. ही नवी कड घडीशी काटकोनात असते. बाकीच्या पट्ट्या हिच्यावरून मोजायच्या.

चुकलं की नाही हे बघायला कोनमापक लागत नाही. कापलेली पट्टी उलगडून टेबलावर ठेव. मधोमध, घडी होती तिथे, कोपरातून दुमडलेल्या हातासारखा बाक दिसला तर कड काटकोनात नव्हती. पट्टी पहिल्याच वेळी सरळ येईल, पण चौथ्या-पाचव्या पट्टीला हा बाक हमखास येतो, कारण दर कापाला मापाची पट्टी केसभर फिरते. म्हणून तीन-चार पट्ट्यांनंतर घडीशी पुन्हा जुळवून नवी कड घ्यायची. हे टिपणात नक्की घाल.

नंदिनी (वास्को):
माझ्या एका कुर्त्याची बाजूची शिवण दोन धुण्यांनंतर फिरून पोटावर आली. ती घडीशी काटकोन नसल्यामुळेच ना? आता उसवून काटकोनात घेता येईल का?

सुलभाताई (मडगाव):
नाही गं, ते वेगळं. तिथे कुर्ता बेततानाच उभा धागा तिरका गेला असणार, धुतल्यावर कापड आपल्या धाग्यावर परत जातं. उसवून ते सुधारत नाही.

नंदिनी (वास्को):
बरं. पण एक सुचवते. आमच्या घरी नेवऱ्यांची कड कापायच्या चाकाला आई ‘कातणं’ म्हणते. रोटरी कटर दिसायला तेच की, दांड्याला फिरतं चाक. ‘कातणं’ म्हणूया ना, घरातला शब्द आहे.

अनघा (पुणे):
कातणं म्हटलं की सूत कातणं आठवणार. कापडाच्याच कामात दोन अर्थ कशाला?

मुकुंद (फोंडा):
अनघाताई, हे दोन्ही अर्थ जुनेच शेजारी आहेत. संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत, एक कापण्याचा, एक सूत काढण्याचा. कात्री पहिल्यातली, चरख्यावरचं कातणं दुसऱ्यातलं. हजारो वर्षं लोकांना गोंधळ झाला नाही, आता कसा होईल?

सुलभाताई (मडगाव):
शब्द मला आवडला, पण मी वर्गात वापरणार नाही. नेवऱ्यांचं कातणं लहान मुलाच्या हातात देतात. हे पातं दाढीच्या ब्लेडसारखं आहे. माझ्याच वर्गात एकीने कटर उघडा टेबलावर ठेवला, वर कापड पडलं, आणि कापड ओढताना मनगटाच्या वर चार टाके पडले. त्या दिवसापासून माझा नियम असा की हातातून सुटण्याआधी पातं आत गेलं पाहिजे, अर्ध्या मिनिटासाठी ठेवायचा असला तरी. कापताना उभं राहायचं, पातं आपल्यापासून दूर ढकलायचं, आपल्याकडे कधी ओढायचं नाही. पट्टीवरच्या हाताची बोटं कडेपासून आत हवीत, करंगळीकडे विशेष लक्ष. लांब कापात हात तिथेच ठेवून वर ताणला की पट्टी सरकते. अर्ध्यावर थांबायचं, पातं जागच्या जागी टेकवून ठेवायचं, पट्टीवरचा हात वर चालवत न्यायचा, मग पुढचा काप. ज्याचं नाव ऐकून माणूस जपून हात लावेल असा शब्द हवा. ‘चाकसुरी’ कसा वाटतो?

अनघा (पुणे):
चाकसुरी चांगला आहे. ओल्फा या जपानी कंपनीने हे हत्यार 1979 मध्ये आणलं, म्हणजे जुना शब्द सापडण्याची शक्यताच नाही. नवा घडवायला हरकत नसावी.

रोहिदास (पेडणे):
दुकानात जाऊन चाकसुरी मागा, मिळणार नाही. कटर मागा, मिळेल. आणि तुमच्या कटरचं पातं मध्येमध्ये धागा सोडतं, ते मी बघितलंय. कात्री सोडत नाही.

सुलभाताई (मडगाव):
मास्तर, धागा सोडतं तेव्हा किती अंतरावर सोडतं ते मोजून बघा. 45 मिलिमीटरच्या पात्याचा घेर साधारण 14 सेंटिमीटर असतो. दर 14 सेंटिमीटरला एकच धागा राहत असेल तर पात्याला खाच पडली आहे, बहुतेक टाचणीवरून गेलं असणार. सगळीकडेच राहत असेल तर धार गेली आहे. आपल्याकडे पावसात गंजही चढतो, मशीनच्या तेलाचा थेंब लावून पुसून ठेवावं लागतं. धार गेलेलं पातं जास्त घातक, कारण माणूस जोर लावतो आणि पट्टी निसटते. जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, डब्यात घालून झाकण चिकटवा. आणि कात्रीचं म्हणाल तर ती कापताना कापड उचलते. दोन थर असले की वरचा-खालचा सारखा येत नाही.

प्रज्ञा (डिचोली):
ताई, घडीचा मुद्दा आज वर्गात करून दाखवला, काकींना लगेच कळला. पण दुसरा प्रश्न राहिलाच. त्यात भर म्हणजे, अडीच इंचाच्या 9 पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या, रुंदी साडेअठरा यायला हवी होती, आली बरोबर 18. कापलं नीट होतं, मी मोजलं होतं.

सुलभाताई (मडगाव):
मग शिवण रुंद जातेय. 9 पट्ट्यांत 8 शिवणी. अर्धा इंच आठांत वाटला तर दर शिवणीला एक षोडशांश इंच, म्हणजे एकेका पट्टीच्या कडेला त्याच्या निम्मं. डोळ्यांना दिसत नाही. सलग शिवताना धोका हाच, एकच चूक न थांबता चाळीस जोड्यांत उतरते. पहिली जोडी शिवली की थांब, शिवण एका बाजूला दाबून इस्त्री कर आणि मोज. दोन पट्ट्या मिळून साडेचार इंच भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर पाव इंचाहून दोऱ्याभर कमी, कडेच्या जवळ शीव, म्हणजे कापडाची घडी वळण्यात जाते तेवढी जागा सुटते.

रोहिदास (पेडणे):
हे सलग शिवणं म्हणजे आम्ही कफ लावतो तसंच. एक कफ संपला की दोरा न तोडता दुसरा पायाखाली सरकवायचा. आम्ही ‘सलग मार’ म्हणतो.

प्रज्ञा (डिचोली):
मास्तर, हो, अगदी तेच! सुरुवातीला एक चिंधी शिवायची म्हणजे पहिल्या जोडीचा कोपरा मशीन खाली ओढत नाही. मग दोन जोड्यांमध्ये दोन-तीन रिकामे टाके. मशीनमागे सगळ्या जोड्या दोऱ्यावर लटकत जातात, तेव्हा मला अबोलीची फाती आठवते. ‘फाती शिवण’ लिहिलं तर?

अनघा (पुणे):
पुण्यात फाती कोणाला कळणार? ‘माळशिवण’ लिहा.

प्रज्ञा (डिचोली):
टिपण डिचोलीत वाटायचंय, ताई.

मुकुंद (फोंडा):
फाती चालेल. पण कडेसाठी ‘घडीशी गुण्यात’ पक्कं समजू का? आणि गुण्यागोविंदाबद्दल कोणाकडे दुसरी व्युत्पत्ती असेल तर सांगा, मी अजून माझ्यावर ठाम आहे.

नंदिनी (वास्को):
आईला विचारलं. ती म्हणते ‘कातणं’ नाही, ‘कातण’. आणि चाकाचं नाही, अख्ख्या दांड्याचं नाव.