चाळिसाव्या फोनला मिळालेलं उत्तर

"इतके दिवस तिने फोन उचलला नाही, काल उचलला. म्हणजे मनात काहीतरी असणारच ना?"

असं तुम्ही विचारता. नाही. माझ्या मैत्रिणीनेही असाच एक फोन उचलला होता. त्या दिवशीचे 39 मिस्ड कॉल झाले होते, शेजारी आजारी आई झोपलेली आणि उशीखाली फोन सारखा थरथरत होता. ती एवढंच म्हणाली, "प्लीज, आता थांब." फोन करणारा मात्र एवढंच शिकला की चाळीस वेळा फोन केला की आवाज ऐकायला मिळतो. दुसऱ्या दिवशी कॉल वाढले. अधूनमधूनच मिळणारं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं; जुगारी टेबलावरून उठत नाही तो त्यामुळेच. मग तिने एकदाच लिहून कळवलं, "मला हे नातं नको आहे. यापुढे संपर्क करू नकोस." कारण मुद्दाम दिलं नाही, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, पण प्रत्येकाचा तारखेसह स्क्रीनशॉट. आधी कॉल आणखी वाढले, मग हळूहळू ओसरले. (धमकी आली किंवा तो दारात येऊन उभा राहिला, तर नुसतं गप्प राहणं पुरत नाही, घरच्यांना सांगून पोलिसांकडे जायला हवं.)

तुम्ही तिला एकच ओळ पाठवा: "समजलं, पुन्हा विचारणार नाही." मग खरोखर विचारू नका. मित्राकरवी निरोप नको, नव्या नंबरवरून वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत. "शेवटचं एकदा भेट" हीसुद्धा मागणीच असते, आणि त्या मागणीला नाही म्हणायचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं.