काही नावे आडनावाने सुरू होतात, काही आडनावाने संपतात: अकारविल्हे यादी कशी लावावी?

मृण्मयी_पुणे: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. जुन्या नोंदवहीतून उतरवलेली नावे ‘जोशी सुनीता अनंत’ अशी आहेत आणि ऑनलाइन फॉर्ममधून आलेली ‘सुनीता अनंत जोशी’ अशी. अकारविल्हे लावली की एकाच घरातली माणसे ‘ज’ आणि ‘स’ अशा दोन ठिकाणी जातात. सगळी नावे एकाच क्रमात लिहून काढावीत की सूत्राने काम भागेल?

सरळमार्गी: क्रमवारी लावताना बहुधा आपण फक्त नावांचाच रकाना निवडत असाल. त्यामुळे नावे हलतात, पण सदनिका क्रमांक जागच्या जागी राहतात. एक्सेल विचारते तेव्हा Expand the selection निवडावे.

मृण्मयी_पुणे: ओळी एकमेकांपासून तुटलेल्या नाहीत. अडचण नावातील शब्दांच्या क्रमाची आहे.

कोष्टकप्रेमी: मग आडनावांची वेगळी यादी करावी आणि नावाचा पहिला शब्द त्या यादीत आहे का, हे COUNTIF ने तपासावे. असेल तर ते आडनाव, नसेल तर शेवटचा शब्द आडनाव. पाटील, कुलकर्णी, शिंदे यांच्याबाबत शंका उरतच नाही.

दप्तरदार: शिंद्यांबाबत उरत नाही, पण ‘गौतम’ हे आडनावही आहे आणि नावही. संस्थेत एक गौतम कुटुंब असेल आणि फॉर्ममध्ये ‘गौतम प्रकाश कांबळे’ अशी ओळ असेल, तर आपली पद्धत कांबळ्यांना निमूटपणे ‘ग’मध्ये नेऊन बसवील. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही शब्द तपासून, नेमका एकच यादीत सापडला तरच निर्णय सूत्रावर सोडावा.

माझ्या मते मात्र शब्दाकडे पाहून ओळखण्यापेक्षा ती ओळ कुठून आली हे पाहणे अधिक भरवशाचे आहे, आणि मृण्मयीताईंना ते आजही ठाऊक आहे. A मध्ये नाव जसेच्या तसे ठेवावे, B मध्ये ‘वही’ किंवा ‘फॉर्म’ लिहावे आणि C मध्ये क्रमासाठी वेगळा मजकूर तयार करावा:

```
=IF(B2="वही",TRIM(A2),TRIM(RIGHT(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",REPT(" ",100)),100))&" "&TRIM(A2))
```

वहीतले नाव तसेच राहते, तर फॉर्ममधल्या नावापुढे त्याचा शेवटचा शब्द जोडला जाऊन ‘जोशी सुनीता अनंत जोशी’ असे होते. ते दिसायला विचित्र आहे, पण C हा रकाना क्रमवारीपुरताच आहे आणि छापताना तो लपवता येतो. आतला TRIM काढू नये, कारण फॉर्म भरताना नावाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा शेवटचा शब्द रिकामा ठरवते आणि ती ओळ आडनावाच्या जागी न लागता यादीच्या अगदी वर जाते.

कोष्टकप्रेमी: हे मान्य, पण ‘राजे भोसले’ यांचे काय? वहीतली ओळ ‘र’मध्ये जाईल आणि फॉर्ममधली ‘भ’मध्ये.

दप्तरदार: तशा ओळींत C हाताने लिहावा लागेल. त्या शोधण्यासाठी यादी आधी सदनिका क्रमांकाने लावावी आणि एकाच सदनिकेसमोर C चा पहिला शब्द वेगळा दिसतो तिथे थांबावे. पत्नीने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर तो फरक खराच असतो, बाकीचे बहुतेक सूत्राचे दोष निघतात.

आग्रही_वाचक: एवढा खटाटोप कशासाठी? पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने करावेत आणि सर्वांकडून फॉर्म पुन्हा भरून घ्यावा. एका रकान्यात पूर्ण नाव लिहू देणे हीच मूळ चूक आहे आणि सूत्रे ती केवळ झाकतात.

दप्तरदार: फॉर्ममध्ये आडनाव वेगळे विचारावे, हे मला पटते. मात्र तीनच रकाने पुरतील असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंदवायचे आहे. मधल्या शब्दांची संख्या गृहीत धरणारी मांडणी अशा नावांपुढे कोलमडते. शिवाय वहीतल्या जुन्या सभासदांपैकी किती जण पुन्हा फॉर्म भरतील, याची मला शंका आहे.

चेन्नईवासी_मराठी: आमच्या कार्यालयातील तमिळ सहकाऱ्यांना बहुधा आडनाव नसते. ‘एस. रमेश’ यातील ‘एस’ हे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आहे आणि आम्ही त्यांना ‘र’मध्येच ठेवतो. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा केल्यावर काहींनी तिथे नुसते टिंब भरले आणि ती माणसे यादीच्या अगदी वर गेली.

मृण्मयी_पुणे: आमच्याकडे जातिवाचक आडनाव सोडून स्वतःच्या नावापुढे आई आणि वडील यांची नावे लावणारे एक सभासद आहेत. या सूत्राने ते वडिलांच्या नावावर लागतील.

दप्तरदार: त्यांना स्वतःच्या नावाच्या अक्षरावर ठेवावे, असे मला वाटते.

आग्रही_वाचक: मला ते पटत नाही. नावातला शेवटचा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडलेला आहे, म्हणून त्यांना वडिलांच्या नावावरच ठेवावे.

मृण्मयी_पुणे: मग त्यांनाच विचारते आणि त्या ओळीचा C हाताने लिहिते. बाकीच्या ओळींसमोर ‘वही’ किंवा ‘फॉर्म’ भरायला आज घेते.