आयएनआर दोनवर गेला म्हणून चौथ्या दिवशी हेपॅरिन थांबवावे का?

नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर
औषधशास्त्राच्या उजळणीत एका रुग्णावर अडले आहे. पायाच्या खोल शिरेत गुठळी, वजन ६० किलो. पहिल्या दिवशी हेपॅरिनची ड्रिप सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी वॉरफेरिन ५ मिलिग्रॅम दिले. चौथ्या दिवशी सकाळी आयएनआर २.२ आला. आता हेपॅरिन थांबवायचे, की पाच दिवस पूर्ण करायचे?

औषध दुकानदार, नांदेड
माझ्या मते थांबवावे. आयएनआर २ ते ३ हवा होता, तो मिळाला. रक्त पातळ करणारी दोन औषधे विनाकारण एकत्र चालवली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय हेपॅरिन जितके लांबते, तितकी प्लेटलेट्स घसरण्याची भीती वाढते.

निवृत्त फिजिशियन, अंबाजोगाई
आपली भीती रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकला आहे. वॉरफेरिन रक्तात आधीपासून असलेल्या घटकांना हात लावत नाही; ते यकृतात नवे घटक तयार होऊ देत नाही, त्यामुळे जुने घटक संपेपर्यंत थांबावेच लागते. सातव्या घटकाचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असल्याने तो सर्वांत आधी संपतो आणि सुरुवातीचा आयएनआर मुख्यतः त्याच्यामुळेच चढतो. गुठळी रोखण्यासाठी मात्र प्रोथ्रॉम्बिन उतरावे लागते, आणि त्याचे अर्धायुष्य साधारण ६० तास आहे. या रुग्णात पहिल्या संध्याकाळपासून चौथ्या सकाळपर्यंत जेमतेम ६० तास झाले आहेत. म्हणजे निर्मिती पूर्ण बंद पडली असे धरले, तरी निम्मे प्रोथ्रॉम्बिन अजून शिल्लक आहे. कागदावर २.२ दिसते, पण शिरेतले संरक्षण अजूनही हेपॅरिनच देत आहे.

त्यात भर म्हणजे गुठळीला आवर घालणारे प्रोटीन सी हेही व्हिटॅमिन के वरच अवलंबून असते आणि तेही काही तासांतच घटते. त्यामुळे पहिले काही दिवस तराजू उलट गुठळीच्या बाजूने झुकू शकतो. म्हणून दोन्ही अटी एकत्र पाळाव्यात: किमान पाच दिवस हेपॅरिन, आणि आयएनआर किमान २४ तास २ किंवा त्याहून अधिक. पाचव्या आणि सहाव्या सकाळीही आयएनआर दोनच्या वर राहिला, तर सहाव्या दिवशी हेपॅरिन काढावे.

औषध दुकानदार, नांदेड
प्रोटीन सी ची बाजू माझ्या ध्यानात नव्हती. प्लेटलेट्सचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

निवृत्त फिजिशियन, अंबाजोगाई
सोडूही नका. ती घसरण बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान दिसते, म्हणून सुरुवातीची संख्या नोंदवून दर दोन-तीन दिवसांनी तपासावी. संख्या निम्म्यावर आली आणि शंका बळावली, तर हेपॅरिन त्याच क्षणी थांबते, पण तेव्हा नुसत्या वॉरफेरिनवर ठेवणे अधिक घातक असते. हेपॅरिन नसलेले दुसरे औषध लागते.

स्टाफ नर्स, बीड
ताई, एपीटीटीची एक गोष्टही टिपून ठेवा. आमच्या वॉर्डात एकदा तो १५० सेकंदांच्या वर आला आणि ड्रिप बंद करण्याची धावपळ झाली, तर रुग्णाला कुठेही रक्तस्राव नव्हता. नमुना ड्रिपच्याच हातातून, सलाईनच्या वरच्या बाजूने घेतला होता! दुसऱ्या हातातून घेतला, तर ६४ आला. आमच्या प्रयोगशाळेचा नियंत्रण आकडा ३० असल्याने दीडपट ते अडीचपट, म्हणजे ४५ ते ७५ सेकंद, ही आमची मर्यादा.

एक वाचक, परभणी
माझ्या आईची झडप बदललेली आहे आणि तिला वॉरफेरिन चालू आहे. पालेभाजी बंद करा असे सांगितल्याने तिने मेथी, पालक, तांदुळजा सगळेच सोडले आणि पुढच्या तपासणीत आयएनआर ४.८ निघाला. हेपॅरिन तर तिला नव्हतेच. मग चूक कोणाची?

स्टाफ नर्स, बीड
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण रुग्णाला समजावण्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. भाजी बंद करायची नसते, रोजच्या प्रमाणात राहू द्यायची असते. व्हिटॅमिन के एकदम कमी झाले की तोच डोस जास्त ठरतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून गोळी घेतली होती का, हेही विचारा. घरी जाताना मी एवढेच बजावते: गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या, चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, आणि शौच डांबरासारखे काळे झाले किंवा डोक्याला मार लागला, तर थेट दवाखाना गाठा.

औषध दुकानदार, नांदेड
गोळीचा मुद्दा आमच्या दुकानदारांवर येतो आणि तो मान्य आहे. पण तपासणीसाठी ज्याला चाळीस किलोमीटर जावे लागते, त्याला वॉरफेरिन द्यावेच कशाला? पायातल्या गुठळीसाठी आयएनआरची गरज नसलेल्या नव्या गोळ्या आहेत.

निवृत्त फिजिशियन, अंबाजोगाई
गुठळीच्या बऱ्याच रुग्णांत ते खरे आहे. या वाचकांच्या आईंची झडप धातूची असेल, तर मुळीच नाही, तिथे वॉरफेरिनच लागते. पण नव्या गोळीचा एकदोन दिवसांचा खंडही महाग पडतो. पैशांअभावी जो महिनाअखेरीस गोळ्या पुरवून पुरवून खातो, त्याला काय लिहून द्यावे, यावर माझ्या सहकाऱ्यांचेही आजवर एकमत झालेले नाही.